इयत्ता चौथी : दिवाळीच्या सुट्टीतील गणित, शाब्दिक उदाहरणे

मुलांनो, सुट्टीत घरोघरी भाताची सोंगणी चालू असेल, तुम्हालाही खाचरात हातभार लावावा लागेल. म्हणून अभ्यास थोडाच दिला आहे. दिवसाला एकच उदाहरण सोडवा, पण सावकाश सोडवा. पहिली चार उदाहरणे मी सोडवून दाखवली आहेत. ती आधी वाचा, समजली की वहीत जशीच्या तशी उतरवा. पुढची तुमची तुम्ही करा.

चौकटीची वही घ्या. डावीकडे दोन बोटे समास सोडा. एका चौकटीत एकच अंक, एककाखाली एकक, दशकाखाली दशक. उसने आणि हातचे वरच्या रिकाम्या ओळीत बारीक लिहा, अंकावर गिरवू नका. उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. नुसते ७९ लिहिले तर ते ७९ रुपये की ७९ मीटर, हे वाचणाऱ्याला कसे कळणार?

उदाहरण १

कळसूबाई शिखराची उंची १६४६ मीटर आहे. साल्हेर किल्ल्याची उंची १५६७ मीटर आहे. कळसूबाई साल्हेरपेक्षा किती मीटर उंच आहे?

(शाळेच्या ओट्यावरून रोज दिसते तीच कळसूबाई. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आपल्या अकोले तालुक्यात आहे. साल्हेर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात आहे.)

दिले आहे : कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर.
काढायचे आहे : दोन्ही उंचींतला फरक.
रीत : फरक काढायचा म्हणून वजाबाकी.

| | ह | श | द | ए |
|---|---|---|---|---|
| उसने घेतल्यावर | १ | ५ | १३ | १६ |
| | १ | ६ | ४ | ६ |
| − | १ | ५ | ६ | ७ |
| | ० | ० | ७ | ९ |

एकक : ६ मधून ७ जात नाहीत. दशकाच्या घरातून १ दशक उसना घेतला. १० आणि ६ मिळून १६ झाले. १६ − ७ = ९.
दशक : ४ चे ३ राहिले. ३ मधून ६ जात नाहीत. शतकाच्या घरातून १ शतक उसना घेतला. १३ − ६ = ७.
शतक : ६ चे ५ राहिले. ५ − ५ = ०.
हजार : १ − १ = ०.
उत्तर लिहिताना डावीकडची शून्ये लिहायची नाहीत.

पडताळा : १५६७ + ७९ = १६४६. बरोबर.
उत्तर : कळसूबाई साल्हेरपेक्षा ७९ मीटर उंच आहे.

इथे थोडे थांबा. मागच्या चाचणीत अशाच उदाहरणात बऱ्याच जणांनी उसना घेतलाच नाही. ‘७ मधून ६ गेले १’ असे खालून वर वजा केले. तसे केले तर इथे १२१ येतील. आता पडताळा घ्या : १५६७ + १२१ = १६८८. पण कळसूबाई तर १६४६ मीटर आहे! म्हणजे चूक तुमची तुम्हालाच सापडली, बाईंनी लाल पेन लावायची गरज राहिली नाही. म्हणून पडताळ्याची ओळ कधीही गाळू नका.

उदाहरण २

एका पोत्यात ४८ किलो भात बसतो. अशी २६ पोती भरली. एकूण किती किलो भात झाला?

दिले आहे : एका पोत्यात ४८ किलो, पोती २६.
काढायचे आहे : सगळ्या पोत्यांतला भात.
रीत : ४८ ही संख्या २६ वेळा घ्यायची, म्हणून गुणाकार.

| | ह | श | द | ए |
|---|---|---|---|---|
| | | | ४ | ८ |
| × | | | २ | ६ |
| ४८ × ६ | | २ | ८ | ८ |
| ४८ × २० | | ९ | ६ | ० |
| बेरीज | १ | २ | ४ | ८ |

दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात आधी ० लिहा. २६ मधला २ म्हणजे २ दशक, म्हणजे २०. ते शून्य विसरले तर २० पोत्यांऐवजी दोनच पोत्यांचा भात मोजला जातो.

पडताळा : पोत्यात ५० किलो धरले तर ५० × २६ = १३००. प्रत्येक पोत्यात २ किलो जास्त धरले, ते २ × २६ = ५२. १३०० − ५२ = १२४८. बरोबर.
उत्तर : एकूण १२४८ किलो भात झाला.

उदाहरण ३

५० मुले भंडारदऱ्याला सहलीला निघाली. एका जीपमध्ये ८ मुले बसतात. किती जीप लागतील?

दिले आहे : मुले ५०, एका जीपमध्ये ८.
काढायचे आहे : जीपची संख्या.
रीत : ८-८ चे गट करायचे, म्हणून भागाकार. आठचा पाढा म्हणा : आठ सक अठ्ठेचाळीस, आठ साते छप्पन्न. ५६ जास्त होतात, म्हणून ६ ने भाग लावा.
५० ÷ ८ : भागाकार ६, बाकी २.

पडताळा : ८ × ६ = ४८, ४८ + २ = ५०. बरोबर.

पण उत्तर ६ नाही. बाकी २ म्हणजे रस्त्यावर उभी राहिलेली दोन मुले. त्यांना सोडून जायचे का? त्यांच्यासाठी आणखी एक जीप हवी. ६ + १ = ७.
उत्तर : ७ जीप लागतील.

आता हेच अंक घेऊन दुसरे वाचा : ५० रुपयांत ८ रुपयांची किती पेने येतील? इथे ६ पेने येतील आणि २ रुपये उरतील. सातवे पेन दुकानदार देणार नाही. भागाकार एकच, उत्तरे दोन. बाकी आली की ती बाकी कशाची आहे, हे मनात चित्र आणून बघा.

उदाहरण ४

ताईकडे ३४ मणी आहेत. ते छोटीच्या मण्यांपेक्षा ९ ने जास्त आहेत. छोटीकडे किती मणी आहेत?

‘जास्त’ शब्द दिसला की लगेच बेरीज करू नका. आधी स्वतःला विचारा, जास्त कोणाकडे? ताईकडे. म्हणजे छोटीकडे कमी.

दिले आहे : ताईचे मणी ३४, छोटीपेक्षा ९ जास्त.
काढायचे आहे : छोटीचे मणी.
रीत : ३४ − ९ = २५.
पडताळा : २५ + ९ = ३४. बरोबर.
उत्तर : छोटीकडे २५ मणी आहेत.

आता तुम्ही सोडवा

५. आईने ४५ रुपये किलोचा २ किलो रवा आणि ४४ रुपये किलोची ३ किलो साखर घेतली. दुकानदाराला ५०० रुपयांची नोट दिली. किती रुपये परत मिळतील? (चार पायऱ्या होतील : रवा, साखर, दोन्ही मिळून, परत. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर लिहा.)

६. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. ३ जानेवारी १८४८ रोजी त्यांना किती वर्षे पूर्ण झाली? त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली.

७. म्हशीने सकाळी ३ लीटर ५०० मिलिलीटर आणि संध्याकाळी २ लीटर ७५० मिलिलीटर दूध दिले. दिवसाचे दूध किती? (१००० मिलिलीटर झाले की १ लीटर हातचा.)

८. ७ डझन केळी ५ घरांत सारखी वाटली. प्रत्येक घरी किती गेली आणि किती उरली?

उत्तरे, सोडवून झाल्यावरच बघा : (५) २७८ रुपये. (६) १७ वर्षे. (७) ६ लीटर २५० मिलिलीटर. (८) प्रत्येकी १६, उरली ४.

९. शेवटचे उदाहरण तुम्ही तयार करायचे. आजीला किंवा बाबांना विचारा, आज घरात काय मोजले? पोती, पेंढ्या, मजुरी, करंज्या, काहीही चालेल. त्यावरून एक उदाहरण लिहा आणि वरच्याप्रमाणे सगळ्या ओळींसह सोडवा. शाळा उघडेल त्या दिवशी वह्यांची अदलाबदल करू आणि एकमेकांची उदाहरणे फळ्यावर सोडवू.

– तुमच्या बाई