सोनं घेताना हॉलमार्क बघाच, पण वजन आणि घडणावळही बघा

गेल्या आठवड्यात एक ताई लेकीचं मंगळसूत्र घेऊन पेढीवर आल्या. दुसरीकडून घेतलेलं, हॉलमार्क अस्सल. पण बिलावर एकच वजन होतं, १५.२ ग्रॅम. त्यांच्यासमोर सर उसवून काळे मणी वेगळे काट्यावर टाकले, तर ३.१ ग्रॅम भरले. म्हणजे काचेच्या मण्यांचे पैसे सोन्याच्या दराने गेले होते. ताई गप्पच झाल्या. मलाही त्या रात्री नीट झोप लागली नाही.

हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची खात्री देतो. वजनाची नाही आणि भावाचीही नाही.

तरी तो बघाच. भिंग मागा, दुकानात असतंच. डागावर, म्हणजे दागिन्यावर, तीन खुणा हव्यात: बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा त्रिकोण, शुद्धता (बावीस कॅरेटला 22K916, अठराला 18K750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतःचा नंबर. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये `Verify HUID` उघडून तो नंबर टाका. समोर ‘अंगठी’ आली आणि तुमच्या हातात पाटली असेल, तर तिथेच थांबा. चमकीसारख्या दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे बिलावरच कॅरेट लिहून घ्या.

आता घडणावळ. हिशोब सोपा जावा म्हणून बावीस कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० धरू. दहा ग्रॅमची चेन, घडणावळ १२ टक्के: सोनं १,००,०००, घडणावळ १२,०००, वर तीन टक्के जीएसटी ३,३६०. हॉलमार्कचे एका डागाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर, बस. त्यापेक्षा जास्त लावले असतील तर विचारा.

टक्क्यातली घडणावळ सोन्याबरोबर चढते. दर वाढला म्हणून कारागिराचं काम वाढत नाही. म्हणून ‘ग्रॅमला किती रुपये?’ असंच विचारा आणि घासाघीस करा. मशीनच्या साध्या चेनला आणि हातकामाच्या ठुशीला एकच टक्का लागत असेल तर ते मला पटत नाही. ‘घडणावळ माफ’ची पाटी दिसली की त्या दिवसाचा दर दोन-तीन पेढ्यांवर विचारून बघा, आणि ‘घट’ म्हणून, म्हणजे घडवताना वाया गेलेल्या सोन्याचं, वेगळं वजन लावलंय का तेही बघा.

मोडीला घडणावळ परत येत नाही, आमच्याकडेही नाही. त्यामुळे लग्नात गुंतवणूक म्हणून घेत असाल तर साध्या पाटल्या, बांगड्या घ्या. खड्यांचा सेट हौस म्हणून घ्या.

बिलावर एकूण वजन, खड्या-मण्यांचं वजन, निव्वळ सोनं, दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. डाग दुसऱ्या दुकानातला असला तरी आमच्या काट्यावर घेऊन या. वजन करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.