मूळ दावा क्र. २१४/२०२५ : प्रतिवादीची कैफियत, वजावट व प्रतिदाव्यासह

मे. प्रिन्सिपल सिव्हिल जज्ज (ज्युनियर डिव्हिजन), बेळगाव यांचे कोर्टात

वादी : महादेव शिवाप्पा पाटील, वय ५४, धंदा सुताचा व्यापार, रा. शहापूर, बेळगाव
विरुद्ध
प्रतिवादी : परशराम यल्लाप्पा जाधव, वय ४७, धंदा विणकाम, रा. वडगाव, बेळगाव

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ ची ऑर्डर ८, नियम १, ६ व ६-अ अन्वये प्रतिवादीची कैफियत येणेप्रमाणे :

१. समन्स १२ जून २०२५ रोजी मिळाले. ही कैफियत तीस दिवसांच्या आत दाखल केली आहे.

२. वादपत्राच्या परिच्छेद १ व २ मधील पक्षकारांचे वर्णन, त्यांचा धंदा आणि या कोर्टाचा अधिकार मान्य आहे. वादीकडून प्रतिवादी उधारीवर सूत घेत होता, हेही मान्य.

३. परिच्छेद ३ मध्ये वादीने चार बिले मांडली आहेत. पहिल्या तीन बिलांचा माल (रु. ९६,०००, १,०८,००० व ८४,०००) मिळाल्याचे कबूल आहे. चलनांवरील सह्या प्रतिवादीच्याच आहेत. मात्र तिसऱ्या बिलातील सूत चांगल्या प्रतीचे होते हे नाकबूल, त्याचा खुलासा पुढे आहे.

४. ११ जानेवारी २०२४ चे रु. १,१२,००० चे चौथे बिल स्पष्टपणे नाकबूल आहे. तो माल प्रतिवादीने मागवला नाही आणि त्याच्याकडे आलाही नाही. त्या आठवड्यात प्रतिवादीच्या आईचे सुतक होते, चारही माग बंद होते. चलनावर कन्नडमध्ये सही आहे. प्रतिवादी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला असून देवनागरीतच सही करतो. आधीच्या तिन्ही चलनांवर तशीच सही आहे आणि ती चलने वादीनेच हजर केली आहेत. ही सही प्रतिवादीची नाही, त्याच्या घरातील वा मागावरील कोणाचीही नाही.

५. परिच्छेद ४ मध्ये वादीने रु. ९०,००० जमा धरले, ते बरोबर. पण ४ डिसेंबर २०२३ रोजी वादीच्या दुकानात रोख दिलेले रु. ४०,००० सोडून दिले. त्याची वादीच्या दिवाणजीच्या सहीची पावती यादीसोबत हजर आहे. म्हणून येणे रु. ३,१०,००० आहे हे खोटे असून, पुढील वजावट व प्रतिदावा बाजूला ठेवल्यास प्रतिवादीकडून निघणारी रक्कम फक्त रु. १,५८,००० आहे. तेवढी प्रतिवादी लपवत नाही.

६. परिच्छेद ५ मधील १८ टक्के व्याजाचा करार नाकबूल. व्याजाबद्दल तोंडी वा लेखी काही ठरले नव्हते. बिलाच्या तळाशी छापलेली ओळ म्हणजे करार नव्हे. परिच्छेद ६ मधील नोटीस मिळाली, हे मान्य. तिला उत्तर दिले नाही हे खरे नाही, उत्तराची प्रत व पोहोच हजर आहे. वादपत्रातील जे कथन येथे स्पष्टपणे कबूल केलेले नाही, ते नाकबूल समजावे.

७. वजावट : वादीने स्वतःचे सूत देऊन प्रतिवादीकडून सप्टेंबर व ऑक्टोबर २०२३ मध्ये २६० साड्या विणून घेतल्या. मजुरी दर साडीस रु. ३२५ ठरली होती, एकूण रु. ८४,५००. साड्या मोजून घेतल्याची नोंद वादीच्या दिवाणजीने प्रतिवादीच्या वहीत केली आहे. ही रक्कम निश्चित आहे, मुदतीत आहे आणि दोन्ही पक्ष दोन्ही व्यवहारांत स्वतःच्याच नावाने आहेत. ती वजा जाता उरतात रु. ७३,५००.

८. प्रतिदावा : नुकसानीचा आकडा कोर्टाने ठरवायचा असल्याने तो वजावटीत न घालता वेगळा मांडला आहे. तिसऱ्या बिलातील तांबडे सूत काठांसाठी लागणार हे वादीला माहीत होते, रंग पक्का असल्याचे त्याने सांगितले होते. त्या सुताच्या ११२ साड्या कोल्हापूरच्या दुकानदाराने २० नोव्हेंबर २०२३ रोजी परत केल्या; पहिल्याच धुण्यात काठाचा रंग मोतिया अंगावर उतरत होता. दुसऱ्या दिवशी दोन साड्या वादीला दाखवल्या. ‘बघतो’ म्हणाला, पुढे काही केले नाही. रु. १,५०० ची साडी रु. ६०० ला विकावी लागली, साडीमागे रु. ९०० प्रमाणे नुकसान रु. १,००,८००. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ व ५९ प्रमाणे ते वादीने भरून द्यावे. दाव्याचे कारण बेळगावात, २० नोव्हेंबर २०२३ रोजी घडले. प्रतिदावा तीन वर्षांच्या मुदतीत आहे. वजावट व प्रतिदाव्यावरील कोर्ट फी कर्नाटक कोर्ट फी व दावा मूल्यांकन अधिनियम, १९५८ च्या कलम ८ अन्वये भरली आहे.

९. म्हणून विनंती की,
(अ) रु. ८४,५०० ची वजावट मंजूर करावी व रु. ७३,५०० पेक्षा जास्त रकमेचा दावा खर्चासह फेटाळावा;
(ब) प्रतिदाव्यापोटी रु. १,००,८०० मंजूर करावेत आणि दोन्ही रकमांचा मेळ घालून निघणारे रु. २७,३०० वादीने प्रतिवादीला द्यावेत असा हुकूमनामा व्हावा;
(क) त्या रकमेवर आजपासून वसुलीपर्यंत कोर्टास योग्य वाटेल ते व्याज द्यावे;
(ड) वादीने दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालवावा.

सत्यापन : मी, परशराम यल्लाप्पा जाधव, लिहून देतो की परिच्छेद १ ते ६ मधील मजकूर, तसेच ७ व ८ मधील घडलेल्या गोष्टी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत, कायद्याचा भाग वकिलांच्या सल्ल्यावरून खरा मानतो. कैफियत मराठीत वाचून समजून घेतली आहे. कन्नड तर्जुमा व प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.

बेळगाव, ७ जुलै २०२५

(सही) परशराम यल्लाप्पा जाधव
प्रतिवादी