०.३ मिलि

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात, नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात, स्मिता नऊ वर्षांपासून स्टाफ नर्स होती आणि त्यांतली शेवटची दोन वर्षे तिने जवळजवळ सलग रात्रपाळीच केली होती. ही पाळी तिने स्वतःहून मागून घेतली होती. नवरा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जात असे, मुलीची शाळा दुपारची होती आणि सकाळी तिचा डबा, वेणीफणी, गृहपाठ हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत व्हावे असे तिला वाटे. झोपेचे काय, ती दहा वाजल्यापासून दुपारी तीनपर्यंत काढता येईल, असा तिचा हिशेब होता.

रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांत तिला कॉफीचे सहा कप लागत. विभागाच्या पॅन्ट्रीत विजेची किटली होती आणि सगळ्या सिस्टरांनी वर्गणी काढून आणलेली कॉफीची बरणी होती. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेऊन, पंपांचे आकडे ताडून पाहून झाले की नऊच्या सुमारास पहिला कप. मग अकरा, एक, तीन आणि पाच. शेवटचा कप सातचा. सकाळच्या पाळीला ओव्हर देताना काही विसरायला नको, म्हणून तो घ्यायचा. चमचा शिगोशीग भरलेला असे आणि साखर जेमतेम. विभागातले सगळेच असे पीत असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. रात्री तीनच्या सुमारास मॉनिटरचा एक बीपसुद्धा निसटून चालत नाही, अशा ठिकाणी कॉफीला व्यसन म्हणण्याची कोणाची छातीही झाली नसती.

घरी मात्र झोप बारापलीकडे टिकत नव्हती. दहाला पाठ टेकली तरी डोळा लागायला अकरा वाजत, आणि बाराच्या आसपास काहीतरी वाजे आणि ती जागी होई. कधी कुकरची शिट्टी असे, कधी भंगारवाल्याचा भोंगा, तर कधी समोरच्या इमारतीत फरशी कापण्याचे यंत्र. तिने खिडक्यांना जाड पडदे लावले, कानांत बोळे घातले, दारावरच्या घंटेची वायर काढून ठेवली. सासूबाई बिचाऱ्या घरात चोरपावलांनी वावरू लागल्या. दुपारची मालिका त्या आवाज पूर्ण बंद करून, नुसती चित्रे पाहत, संवाद अंदाजाने ओळखत पाहू लागल्या. तरी एकदा वरणाच्या कुकरवरून स्मिता त्यांना नको तितके बोलली. त्या दिवसापासून घरात वरण सकाळी सातलाच शिजू लागले आणि दुपारी सगळे ते गार खाऊ लागले. एवढे होऊनही ती बाराला जागी होत राहिली. आवाज नसताना जाग येते तेव्हा दोष कोणाला द्यावा हे कळत नाही, आणि त्याची चीड अधिक असते.

त्या ऑगस्टमध्ये विभागात एक बाळ होते. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेले, वजन १२०० ग्रॅम. नाव अजून ठेवले नव्हते, म्हणून पाटीवर ‘बेबी ऑफ कविता’ एवढेच लिहिलेले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचे श्वासाचे केंद्र कच्चे असते. ती मध्येच श्वास घ्यायचीच थांबतात. मॉनिटर ओरडू लागला की सिस्टरने इन्क्युबेटरच्या गोल खिडकीतून हात घालून बाळाच्या तळपायाला हलकेच टिचकी मारायची, म्हणजे ते दचकते आणि पुन्हा श्वास घेऊ लागते. हा प्रकार कमी व्हावा म्हणून अशा बाळांना रोज जे औषध देतात ते कॅफिन असते. कॅफिन सायट्रेट, एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. या बाळाला किलोमागे ५ या प्रमाणात ६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ मिलि. एक मिलिच्या बारीक सिरिंजमध्ये स्मिता ते ओढून घेई, दिव्यासमोर धरून रेघ पाही, दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेई आणि मग नळीतून देई. हे काम तिने आजवर इतक्या वेळा केले होते की त्याचा तिला विचारही करावा लागत नसे.

विचार केला तो त्या रात्री प्रशिक्षणाला आलेल्या मुलीने. पावणेदोनच्या सुमारास नोंदवही चाळता चाळता तिने रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारले, “डॉक्टर, बाकीची औषधं आठ-आठ तासांनी, बारा-बारा तासांनी आहेत. मग हे एकच दिवसातून एकदा का?”

डॉक्टरांच्या हातातही कॉफीचा कपच होता. ते म्हणाले, “कारण ते जातच नाही. कॅफिन मोडायचं काम यकृताचं. या बाळाचं यकृत अजून त्या कामाला लागलेलंच नाही. आज दिलेलं अर्धं व्हायला तीन-चार दिवस लागतात. मग रोज एकदा दिलं तरी खूप झालं.”

“आणि मोठ्या माणसात?”

“साधारण पाच तास. कोणाला तीन, कोणाला आठ. गर्भारपणात बरंच जास्त, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी जास्त. पण पाच तासांनीसुद्धा निम्मंच गेलेलं असतं, हे लक्षात ठेव. लोकांना वाटतं, तरतरी उतरली म्हणजे कॉफी उतरली.”

मुलीला परीक्षेत हे येईल असे वाटले असावे, कारण तिने पुढे विचारले की मुळात ते जागे कसे ठेवते. डॉक्टरांनी सांगितले की माणूस जागा असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. जितके साचेल तितकी झोप अनावर होते, आणि तेच द्रव्य श्वासाचे केंद्रही मंद करते. कॅफिन त्याच्या बसायच्या जागा अडवून धरते. “थकवा कमी होत नाही. थकवा बाहेर उभा असतो, त्याला आत येऊ देत नाही, इतकंच,” असे म्हणून त्यांनी कप रिकामा केला आणि ते प्रसूतिगृहातून आलेल्या बोलावण्यावर निघून गेले.

स्मिता बाजूला उभी राहून दोनच्या दुधाची तयारी करीत होती. बोलण्यात तिला नवे असे फार थोडे होते. ‘हाफ लाइफ’ तिने नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षीच पाठ केले होते. परंतु दूध देऊन झाल्यावर तिने वापरलेल्या ईसीजीच्या कागदाची एक पट्टी उलटी करून घेतली आणि तिच्यावर सहा कपांच्या वेळा लिहिल्या. एका कपात ६० मिलिग्रॅम धरले. सकाळी दहा वाजता, म्हणजे ती पडदे ओढून आडवी होते त्या क्षणी, सातच्या कपातले ४० शिल्लक, पाचच्यातले ३०, तीनच्यातले तेवीसएक, एकच्यातले सतरा, अकराच्यातले तेरा, आणि आदल्या रात्री नऊला घेतलेल्या कपातलेसुद्धा दहा. बेरीज सुमारे १३३ आली. म्हणजे अंथरुणावर पडते वेळी तिच्या अंगात दोन कपांहून जास्त कॉफी असे. तिने बेरीज पुन्हा तपासली, औषधाची मात्रा तपासतात तशी.

मग, सवयीनेच, तिने किलोमागचा हिशेब मांडला. सायट्रेटमध्ये खरे कॅफिन निम्मेच असते, म्हणजे बाळाला दिवसाला ३ मिलिग्रॅम, किलोमागे अडीच. तिचे स्वतःचे वजन ६० किलो आणि रात्रीची कॉफी ३६०, म्हणजे किलोमागे सहा. ज्या औषधाचा एक थेंब इकडेतिकडे होऊ नये म्हणून दोन सह्या लागतात, ते ती किलोच्या हिशेबाने बाळाच्या दुपटीहून जास्त घेत होती, आणि तेही बरणीतून, अंदाजाने, चमच्याला टोक येईल इतके.

त्या रात्री तीनचा कप तिने घेतला नाही. पाचचा घेतला, कारण डोकेच चालेना.

पुढे तिने दोनच कप ठेवले, नऊचा आणि साडेबाराचा, आणि त्यानंतर काही नाही. हे लिहायला सोपे आहे. दुसऱ्या दिवशी तिचे डोके असे ठणकू लागले की तिला सायनस वाटले. ते कॉफी तोडल्याचे दुखणे आहे आणि आठवडाभरात जाईल, हे डॉक्टरांनी हसत हसत सांगितले. पहाटे चार ते साडेपाच हा काळ तर फार वाईट जाई. उभ्याने नोंदी कर, प्रत्येक इन्क्युबेटरपाशी जाऊन पाणी आणि तापमान तपास, तोंडावर गार पाणी मार, असे करून ती तो रेटू लागली. इन्चार्ज सिस्टरना तिने सरळ विचारले आणि अडीचच्या विश्रांतीत, दुसरी सिस्टर जागेवर असताना, वीस मिनिटे खुर्चीत डोळे मिटण्याची परवानगी मिळवली. या वीस मिनिटांनी जे काम केले ते तीनच्या कपाने कधीच केले नव्हते, असे तिचे मत झाले.

झोप एकदम सुधारली असे नाही. पहिल्या आठवड्यात फरक जाणवलाच नाही. त्यानंतर मात्र ती दहाला पडे आणि साडेदहाच्या आत झोपी जाई, आणि एके दिवशी जाग आली तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजले होते. तिला वाटले घड्याळ बंद पडले आहे. बाहेर आली तर सासूबाई भाताचा कुकर उतरवीत होत्या.

“चार शिट्ट्या झाल्या गं,” त्या घाबरून म्हणाल्या. “वाजेपर्यंत लक्षातच आलं नाही माझ्या.”

“मला एकही ऐकू आली नाही, आई,” स्मिता म्हणाली, आणि मग तिथेच ओट्याशी उभी राहून तिने त्यांना सहा कपांची गोष्ट सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे दोन महिने आम्ही गार वरण खाल्लं, ते तुझ्या कॉफीपायी?”

यावर स्मिताकडे उत्तर नव्हते. फरशी कापण्याचे यंत्र सुरू झाले की ती अजूनही जागी होत असे, हे तिने सांगून पाहिले. पण ते वरणाच्या बाजूने फारसे कामी आले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस बाळाचे चौतीस आठवडे भरले. वजन १७०० ग्रॅमच्या वर गेले होते आणि कित्येक दिवसांत श्वास थांबला नव्हता. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत कॅफिन बंद करण्याची सूचना लिहिली. त्या रात्री बाळाला छातीशी घेऊन बसलेली त्याची आई स्मिताला म्हणाली, “सिस्टर, औषध बंद झालं ना? मग उद्या घरी सोडतील का?”

“इतक्यात नाही हो. आज बंद केलं तरी अंगातलं जायला दिवस लागतात. ते गेल्यावरही बाळ नीट श्वास घेतं ना, हे पाहायला पाच ते सात दिवस इथं ठेवतात.”

कविताने बोटांवर दिवस मोजले. “म्हणजे पुढचा गुरुवार. मग गुरुवारी सकाळी तुम्हालाच फोन करून विचारते.”

“विचारा की,” स्मिता म्हणाली, “पण दहाच्या आत. दहानंतर मी झोपलेली असते.”