साका: गुंतवणूकदारांसमोरचं सादरीकरण (बोलण्याची संहिता, साडेचार मिनिटं)

(पडद्यावर फक्त एका आंब्याचा फोटो. आकडा नाही, लोगोही नाही.)

नमस्कार. हा आंबा नीट बघा. पिवळाधमक, कुठे डाग नाही, देठाजवळ सुरकुती नाही. देवगडजवळच्या एका बागायतदार काकांनी तो झेल्याने उतरवला, अढीत पिकवला आणि पाच डझनांच्या पेटीत घालून पुण्याला पाठवला. पेटीचे चार हजार त्यांना आधीच मिळाले होते.

अक्षय्य तृतीयेला त्या घरी पाहुणे जमले. आमरसासाठी आंबे कापायला घेतले आणि तिसऱ्याच फळात बाठीला लागून पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघाला. (फोटो बदला: तोच आंबा, कापलेला.) पेटीत अशी सात फळं निघाली. संध्याकाळी काकांना फोन आला: "काका, पंधरा वर्षं तुमच्याकडूनच घेतोय, पण या वेळी फसवलंत."

काकांनी फसवलं नव्हतं. त्यांना ते दिसणंच शक्य नव्हतं. त्यांनी दुसरी पेटी पाठवली आणि गाडीभाडंही स्वतः भरलं. त्या पेटीतही साका नसेल, याची खात्री मात्र ते देऊ शकले नाहीत.

(दोन सेकंद थांबा.)

साका हा हापूसचा जुना विकार. बाहेरून, वासावरून, दाबून कळत नाही. फळ पाण्यात टाकलं तर तयारी कळते, साका नाही. चौदा आणे तयार असताना उतरवलं, जमिनीवर आच्छादन घातलं तर प्रमाण घटतं, पण संपत नाही. प्रकाशावर चालणारी यंत्रं साखर चांगली मोजतात. पण तो प्रकाश गरात फार खोल शिरत नाही आणि साका सुरू होतो बाठीजवळ. म्हणून आम्ही क्ष-किरण वापरतो. साक्याच्या गरात हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो भाग चित्रात वेगळा उठून दिसतो. पट्ट्यावरून फळ सरकतं, निर्णय होतो, खराब फळ बाजूच्या क्रेटमध्ये पडतं.

(आता पहिला आकडा.)

गेल्या मोसमात दोन पॅकहाउसमधली 1,200 फळं आम्ही तपासली आणि नंतर सगळी कापली. 132 मध्ये साका निघाला, म्हणजे 11 टक्के. यंत्राने 118 पकडली, 14 सुटली आणि 43 चांगली फळं उगाच बाद झाली. पास झालेल्या 1,039 फळांत साका उरला 1.35 टक्के. सुटलेल्यांपैकी बहुतेक फळं अशी पडली होती की साका बाठीच्या सावलीत गेला. नवीन यंत्र दोन कोनांतून चित्र घेतं, ते याचसाठी.

तुम्ही विचाराल, साठातली आठ फळं बाद होत असतील तर बागायतदार पैसे का देईल? हिशोब एका पेटीचा सांगतो. तपासणीशिवाय पेटीचे 4,000 येतात. शंभरातल्या नऊ पेट्या बदलून द्याव्या लागतात, दर बदलीला भाड्यासह 4,400 जातात. हातात राहतात 3,604. तपासलेली 52 फळं हजार रुपये डझनाने गेली की 4,333, बाद आठ कॅनिंगला दिली की 70. त्यातून आमचे 180, म्हणजे फळामागे तीन रुपये, आणि शंभरात एखादी बदली वजा केली तरी 4,179 उरतात. पेटीमागे 575 जास्त. हजाराचा भाव कागदावरचा नाही. या भावाने 310 पेट्या विकल्या गेल्या आहेत.

यंत्राला 19 लाख लागतात. ते आम्ही विकत नाही, पॅकहाउसमध्ये बसवतो. मोसमाचे 60 दिवस, रोज 12,000 फळं, म्हणजे निम्मीच क्षमता. उत्पन्न 21.6 लाख. दोन कामगार, वीज, देखभाल मिळून खर्च साडेसहा लाख. दुसऱ्या मोसमातच यंत्राचे पैसे वसूल. उरलेले दहा महिने ते पडून राहतं, असंच धरलंय. डाळिंबातली आतली कुज दिसते का, याची चाचणी करणार आहोत. तिचा एक रुपयाही या हिशोबात नाही.

धोके दोन. मोहोर गळून पीक निम्मं झालं तर आमचं उत्पन्नही निम्मं. म्हणून पहिल्या पाच जागा देवगड, रत्नागिरी आणि अलिबाग अशा विखुरल्या आहेत. दुसरा, क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते. कागद उशिरा गेले तर अख्खा मोसम हातचा जातो.

आम्हाला 1 कोटी 40 लाख हवेत, 12 टक्के हिश्श्याच्या बदल्यात. पाच यंत्रांना 95 लाख, मंजुरी आणि सॉफ्टवेअरला 20, मोसमाच्या खेळत्या भांडवलाला 25. डिटेक्टर यायला चौदा आठवडे लागतात आणि यंत्रं 1 मार्चला जागेवर हवीत, म्हणून ऑर्डर ऑक्टोबरअखेर द्यावीच लागेल.

कापलेल्या 1,200 फळांची नोंद, फोटोंसकट, या पेन ड्राइव्हमध्ये आहे. सुटलेली 14 सगळ्यात आधी ठेवली आहेत. प्रश्न तिथूनच सुरू करूया.