उणे चिन्हाच्या चुका: विस्तार आणि अवयव

चाचणीचे पेपर तपासताना एक गोष्ट दिसली. रीत बहुतेकांना येते, गुण जातात ते चिन्हावर. खालच्या चुका तुमच्याच पेपरांतल्या आहेत, आकडे तेवढे बदललेत.

कंसाआधीचे उणे

सर्वांत जास्त गुण इथे गेले.

चूक: 5 − 2(x − 3) = 5 − 2x − 6
बरोबर: 5 − 2(x − 3) = 5 − 2x + 6 = 11 − 2x

2 ने दोन्ही पदांना गुणले, पण त्याचे उणे पहिल्या पदापाशीच संपले. गुणायचे आहे −2 ने, आणि (−2) × (−3) = +6. काहींनी आधी 5 − 2 = 3 करून 3(x − 3) लिहिले. गुणाकार आधी, वजाबाकी नंतर!

कंसाआधी नुसते उणे असेल तर तिथे −1 आहे असे समजा: −(x − 5) = −x + 5.

वर्ग

चूक: (x − 4)² = x² − 8x − 16
बरोबर: (x − 4)² = x² − 8x + 16

शेवटचे पद म्हणजे −4 चा वर्ग, तो धनच येणार. मात्र −3² = −9 आणि (−3)² = 9. कंस नसेल तर वर्ग फक्त 3 चा होतो. x ची किंमत −3 ठेवताना कंस न घातल्याने घोटाळा होतो तो इथेच.

ऋण सामाईक अवयव

चूक: −4x + 12 = −4(x + 3)
बरोबर: −4x + 12 = −4(x − 3)

ऋण संख्या बाहेर काढली की आतल्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते. गट पाडताना हीच चूक पुढची वाट अडवते:

x³ − 2x² − 3x + 6 = x²(x − 2) − 3(x − 2) = (x − 2)(x² − 3)

दुसऱ्या कंसात (x + 2) लिहिलेत तर सामाईक कंसच मिळत नाही. कंस जुळत नसले तर गणित सोडून देऊ नका, आधी चिन्ह बघा.

उलटे कंसही ओळखा: 5 − x = −(x − 5).

वर्गत्रिपदी

चूक: x² − x − 12 = (x + 4)(x − 3)
बरोबर: x² − x − 12 = (x − 4)(x + 3)

गुणाकार −12 दोन्हीकडे येतो, म्हणून चूक लपते. बेरीज −1 हवी, म्हणजे मोठी संख्या ऋण.

ताळा घेताना x = 0 ठेवलेत तर दोन्ही उत्तरे −12 देतात आणि चूक सुटून जाते. x = 1 ठेवा: मूळ राशी −12, चुकीचे अवयव 5 × (−2) = −10. सापडली.

करून बघा

1) 7 − 3(2 − x)
2) −2x² + 10x − 12 चे अवयव पाडा.
3) x(x − 6) + 2(6 − x) चे अवयव पाडा.

उत्तरे: 1) 1 + 3x  2) −2(x − 2)(x − 3)  3) (x − 6)(x − 2)