विषय: क्षेत्र समन्वयक (कापूस), पांढरकवडा या पदासाठी पोर्टलवर केलेला अर्ज

नमस्कार मॅडम,

आपल्या कापूस प्रकल्पातील क्षेत्र समन्वयक पदासाठी मी सोमवारी पोर्टलवर अर्ज भरला आहे. पोचही मिळाली. तिथे अनुभवासाठी जागा थोडी होती, त्यामुळे राहून गेलेले इथे लिहिते.

मी केळापूर तालुक्यातलीच. कृषी पदवीनंतर एका शेतकरी उत्पादक कंपनीत गावपातळीवर काम करते. जाहिरातीत गुलाबी बोंडअळीचे व्यवस्थापन हे मुख्य काम दिले आहे, आणि याच कामात माझा खरा जीव आहे. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने काय केले ते आमच्याकडे कोणालाही विचारा, लगेच सांगतील. एकरी दोन कामगंध सापळे आता बऱ्याच वावरांत दिसतात, पण त्यातले पतंग रोज मोजणारे कमी. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की उपाय करायचा, हा सल्ला मोजणी झाली तरच कामाचा.

निंदणाला जाणाऱ्या बाया झाडाच्या सगळ्यात जवळ असतात. न उमललेली, पाकळ्या चिकटलेली डोमकळी त्यांनाच आधी दिसते. फवारणीचे मात्र घरातले पुरुष ठरवतात, आणि बैठकांनाही तेच येतात. म्हणून मी काही गावांत बैठक वावरातच, निंदणाच्या वेळी घ्यायला सुरुवात केली. डोमकळी ओळखायची, तोडून पिशवीत टाकायची, अळीसकट नष्ट करायची आणि किती निघाल्या ते घरी सांगायचे. त्या आकड्यावरून आज फवारणी थांबवायची की नाही यावर घरात बोलणे होऊ लागले. मला हे फार मोलाचे वाटते, कारण टळलेल्या फवारणीने पैसा वाचतो आणि फवारणाऱ्याचा जीवही जपला जातो.

फरदडीचे काम याहून अवघड आहे. डिसेंबरनंतर कापूस ठेवू नका, एवढे सांगून भागत नाही. विहिरीला पाणी असेल तर हरभऱ्याचे बियाणे वेळेत मिळायला हवे, आणि कोरडवाहू असेल तर पऱ्हाटी काढायला यंत्र गावात यायला हवे. आपल्या प्रकल्पात यंत्रांची सोय असल्याचे जाहिरातीत वाचले, तेव्हाच अर्ज करायचे ठरवले.

कोलाम पोडांवर माझे जाणे-येणे आहे. कोलामी समजते, गरजेपुरती बोलते. दुचाकी आणि परवाना आहे.

या पत्राला वेगळे उत्तर द्यायलाच हवे असे नाही. निवड आपल्या पद्धतीने आणि आपल्या वेळेनेच होऊ द्या, मी मध्ये फोन करणार नाही. वावरातल्या नोंदींची वही पाहावीशी वाटली तर कळवा, फोटो पाठवते. माझा नंबर अर्जात आहे. दुपारी रेंज नसते, संध्याकाळी सहानंतर फोन लागतो.

आपली,
वैशाली