शिकलगार

"अब्बा, काल परत एक बाई विळी घेऊन आली होती," सलीम म्हणाला. "बोर्डावर शिकलगार वाचलं की लोकांना धारच आठवते. 'मिरज म्युझिक हाऊस' करू या. ऑनलाइन शोधणाऱ्यांना सापडेल तरी. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, त्याचा फायदा आत्ताच घ्यायचा."

हमीदचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोरा होता. तबलीला तडा नव्हता, भोपळाही शाबूत होता. पण घोडीवर तारांनी चर पाडले होते. तार चरात बसली की घोडीच्या उताराला जेमतेम शिवते आणि आवाजातला झंकार, म्हणजे जवारी, बोथट होते. त्यांनी तारा सैल करून बाजूला घेतल्या, बारीक कानशीचे चार हलके हात फिरवले, तार पुन्हा चढवली, छेडून ऐकली. पुन्हा सैल. कंटाळून एकदम दहा हात मारले तर उतार खोल जातो, मग घोडीच नवी घालावी लागते.

"तुझा खापरपणजा तलवारी घासायचा," ते म्हणाले. "संस्थानी फौजांचं काम आटलं तेव्हा सतारी दुरुस्त करायला बसला. कानस तीच होती. लोखंडाला किती दाबायचं ते ज्याला कळतं, त्यालाच हाडाच्या घोडीला किती दाबायचं ते कळतं. आपली जवारी आली कुठून, ते त्या बोर्डावर लिहिलंय."

"गिऱ्हाइकाला ते कसं कळणार?"

"त्याला आवाज कळतो."

सलीमने कागद पुढे केला. पेंटर दुपारी येणार होता. जीएसटीतलं नाव, बँकेचं खातं, बिलबुकं, सगळं बदलायची यादी त्याने नीट केली होती. चाचांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"आणि ह्याचं काय?" त्यांनी तंबोरा फिरवला. दांडीच्या मागे, जुन्या पॉलिशखाली, दुकानाचं नाव कोरलेलं होतं. "हा धारवाडहून आलाय. चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. ह्याच्या मालकाने हे नाव वाचूनच पार्सल पाठवलं. असे किती बाहेर आहेत, त्यांची यादी कर आधी."

सलीम गप्प झाला. चाचांनी पंचमाच्या तारेखाली सुती दोऱ्याचा जीव सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार उघडली आणि दुकान भरून गेलं.

तेवढ्यात कालची बाई पुन्हा दारात आली. सलीम तिला वाटेला लावणार, तोच चाचांनी हात पुढे केला. सहाणेवर पाणी शिंपडून विळीचं पातं त्यांनी आधी एका अंगाने घासलं, मग दुसऱ्या अंगाने कणी उतरवली आणि अंगठ्याने आडवी चाचपली. वीस रुपये घेतले.

दुपारी पेंटर आला. सलीमने त्याला जुन्याच बोर्डाची मापं दिली. "खाली काय लिहू?" पेंटरने विचारलं.

सलीमने अब्बांकडे पाहिलं.

"तंबोरे, सतारी, जवारी," चाचा म्हणाले. "आणि धार फक्त बुधवारी."